एक लेथ विकली, आता घसारा कसा मोजायचा?

एका यंत्राचा घसारा काढायला दोन मिनिटं पुरतात. चार यंत्रं वेगवेगळ्या तारखांना घेतलेली असली, तरी वर्षअखेरीचं गणित बहुतेकांना जमतं. गाडी अडते ती त्यातलं एक यंत्र विकल्यावर. पैसे बँकेत आले, यंत्र टेम्पोत चढून गेलं, आणि मग हिशेब लिहिणारा विचारतो, "हे पैसे कुठे जमा करू?" यंत्र खात्यात शिल्लक दिसते नऊ लाख नव्वद हजार. त्यात गेलेल्या यंत्राचे किती होते, हे ते खातं सांगत नाही.

खतावणीतलं यंत्र खातं सगळ्या यंत्रांची बेरीज सांगतं, पण विक्रीचा हिशेब एकेका यंत्राचा असतो. ही दोन टोकं जोडायचं काम स्थिर मालमत्ता नोंदवही करते. तिला बरेच जण फिक्स्ड अ‍ॅसेट रजिस्टर म्हणतात. बँक किंवा ऑडिटर मागतो म्हणून ती मार्चमध्ये घाईघाईने भरली जाते. खरं तर घसाऱ्याचं गणित तिथे व्हावं आणि खतावणीत फक्त त्याची बेरीज जावी. हे कसं, ते एका उदाहरणातून पाहू.

उदाहरणातला कारखाना

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्र्यांकडून आलेल्या कास्टिंगचं मशिनिंग करून देणारं एक छोटं वर्कशॉप आहे, असं धरू. मालक दोन भागीदार, हिशेबाचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. घसारा वर्षाला १० टक्के, घटत्या शिल्लकेवर. म्हणजे पहिल्या वर्षी मूळ किमतीवर आणि पुढे दर वर्षी उरलेल्या किमतीवर. दर आकडेमोडीला सोपा म्हणून १० टक्के घेतला आहे. प्रत्यक्षात तो यंत्राचं आयुष्य आणि शेवटी येणारी मोड किंमत पाहून ठरतो.

सुरुवातीला एकाच बिलावर दोन लेथ घेतल्या. मोठीची किंमत ४,७५,००० रुपये, छोटीची २,८५,०००. दोन्ही एकाच ट्रकमधून आल्या. वाहतूक, क्रेन, फाउंडेशन आणि जोडणी मिळून ४०,००० रुपये खर्च झाला. १ एप्रिल २०२१ ला दोन्ही कामासाठी तयार झाल्या.

इथेच पहिला निर्णय घ्यावा लागतो. ते चाळीस हजार दुरुस्ती किंवा भाडेखर्चात टाकायचे नाहीत. यंत्र जागेवर बसून चालू होईपर्यंतचा आवश्यक खर्च यंत्राच्या किमतीतच धरतात. पण दोन यंत्रांत तो वाटायचा कसा? किमतींच्या प्रमाणात वाटणं सयुक्तिक आहे. ४,७५,००० आणि २,८५,००० यांचं प्रमाण ५ ला ३ येतं, म्हणून मोठीला २५,००० आणि छोटीला १५,०००. मोठी लेथ झाली ५,००,००० ची, छोटी ३,००,००० ची. नोंदवहीत त्यांना दोन वेगळी पानं आणि दोन वेगळे क्रमांक द्यायचे: लेथ-१ आणि लेथ-२. बिल एक असलं म्हणून पान एक करायचं नाही. त्या दिवशी हे वाटप केलं नाही, तर अडीच वर्षांनी छोटी लेथ विकताना तिची किंमत शोधायला जुन्या फायली उपसाव्या लागतात, आणि तोवर क्रेनवाल्याची पावती कुठे असेल याचा भरवसा नसतो.

त्यानंतर एक मिलिंग मशीन घेतलं. बिल १८ सप्टेंबर २०२१ चं, पण फाउंडेशन सुकून, जोडणी होऊन, ट्रायलचा जॉब निघून ते तयार झालं १ ऑक्टोबरला. सगळा खर्च धरून किंमत ४,००,०००. घसारा कुठल्या तारखेपासून? यंत्र वापरासाठी तयार झालं त्या तारखेपासून, म्हणजे १ ऑक्टोबर. म्हणून नोंदवहीत दोन तारखांचे रकाने ठेवा: बिलाची तारीख आणि वापरासाठी तयार झाल्याची तारीख. बिलाची तारीख जीएसटीसाठी लागते, दुसरी घसाऱ्यासाठी.

पहिली दोन वर्षं

२०२१-२२ मध्ये लेथ-१ वर पूर्ण वर्षाचा घसारा ५०,०००, लेथ-२ वर ३०,०००. मिलिंग सहाच महिने होतं, म्हणून ४,००,००० चे १० टक्के म्हणजे ४०,०००, त्याचे निम्मे २०,०००. एकूण १,००,०००. वर्षअखेर शिल्लक: लेथ-१ ची ४,५०,०००, लेथ-२ ची २,७०,०००, मिलिंगची ३,८०,०००. बेरीज ११,००,०००.

२०२२-२३ मध्ये खरेदी नाही, विक्री नाही. लेथ-१ वर ४५,०००, लेथ-२ वर २७,०००, मिलिंगवर ३८,०००. एकूण १,१०,०००, आणि शिल्लक ९,९०,०००.

या दुसऱ्या वर्षाकडे नीट बघा, कारण पुढच्या चुकीचं बी इथे आहे. यंत्रनिहाय काही न करता नुसत्या ११,००,००० वर १० टक्के काढले असते, तरी उत्तर १,१०,००० च आलं असतं. सगळ्या यंत्रांचा दर एक असेल आणि वर्षभरात काही आलं-गेलं नसेल, तर बेरजेचे दहा टक्के आणि दहा टक्क्यांची बेरीज एकच असते. त्यामुळे हिशेब लिहिणाऱ्याला वाटतं की यंत्रनिहाय पानं ठेवणं ही फुकटची मेहनत आहे. सरळ यंत्र खात्याच्या शिल्लकेवर टक्के लावले की झालं. दोन-तीन वर्षं हा मार्ग बिनचूक चालतो. आणि बिनचूक चाललेली सवय मोडायला फार कठीण.

तिसरं वर्ष: एक गेली, एक आलं

३० सप्टेंबर २०२३ ला लेथ-२ एका दुसऱ्या वर्कशॉपला १,९०,००० रुपयांना विकली. त्यावर जीएसटी वेगळा लावला. १ जानेवारी २०२४ ला एक सीएनसी मशीन ६,००,००० ला बसून तयार झालं.

विक्रीच्या दिवशी तीन गोष्टी करायच्या, आणि त्या याच क्रमाने.

पहिली, लेथ-२ चा विक्रीच्या तारखेपर्यंतचा घसारा. तिच्या पानावर १ एप्रिल २०२३ ची शिल्लक २,४३,००० आहे. वर्षाचा घसारा २४,३००, सहा महिन्यांचा १२,१५०. ती एप्रिल ते सप्टेंबर कारखान्यात चालली, तिने जॉब काढले, तेव्हा त्या कमाईसमोर तेवढी झीज दाखवायला हवी.

दुसरी, विक्रीच्या दिवशीची पुस्तकी किंमत. २,४३,००० वजा १२,१५०, म्हणजे २,३०,८५०.

तिसरी, या किमतीची विक्री किमतीशी तुलना. २,३०,८५० चं यंत्र १,९०,००० ला गेलं, म्हणून ४०,८५० रुपये तोटा.

रोजकीर्दीत नोंदी अशा पडतील:

```
घसारा खाते            नावे   १२,१५०
    यंत्र खात्याला                  १२,१५०
(लेथ-२, एप्रिल ते सप्टेंबर २०२३)

बँक खाते              नावे  १,९०,०००
यंत्र विक्री तोटा खाते  नावे   ४०,८५०
    यंत्र खात्याला                २,३०,८५०
(लेथ-२ ची विक्री)
```

दुसऱ्या नोंदीत यंत्र खात्याला जमा होणारी रक्कम बघा. आलेले १,९०,००० जमा होत नाहीत, लेथची पूर्ण पुस्तकी किंमत २,३०,८५० जमा होते. यंत्र गेलं, तेव्हा खात्यातून त्याचा शेवटचा रुपयाही गेला पाहिजे. मिळालेला पैसा कमी-जास्त असेल तर तो फरक तोटा किंवा नफा खात्यात जातो, यंत्र खात्यात रेंगाळत नाही. जीएसटीची रक्कम या नोंदीत दाखवलेली नाही. ती खरेदीदाराकडून घेऊन सरकारला भरायची असते, म्हणून वेगळ्या देय खात्यात जाते. ती विक्री किमतीत मिसळली तर तोटा खोटाच लहान दिसेल.

वर्षअखेरीला उरलेल्या यंत्रांचा घसारा: लेथ-१ वर ४०,५००, मिलिंगवर ३४,२००, आणि सीएनसीवर तीन महिन्यांचा १५,०००. नोंदवहीचं २०२३-२४ चं गोषवारा पान असं दिसेल:

| यंत्र | सुरुवातीची शिल्लक | भर | घसारा | विक्रीमुळे कमी | अखेरची शिल्लक |
|---|---|---|---|---|---|
| लेथ-१ | ४,०५,००० | – | ४०,५०० | – | ३,६४,५०० |
| लेथ-२ | २,४३,००० | – | १२,१५० | २,३०,८५० | ० |
| मिलिंग-१ | ३,४२,००० | – | ३४,२०० | – | ३,०७,८०० |
| सीएनसी-१ | – | ६,००,००० | १५,००० | – | ५,८५,००० |
| एकूण | ९,९०,००० | ६,००,००० | १,०१,८५० | २,३०,८५० | १२,५७,३०० |

खतावणीतल्या यंत्र खात्याची अखेरची शिल्लकही १२,५७,३०० च यायला हवी. रुपयाचाही फरक आला तर कुठेतरी चूक आहे.

तोटा म्हणजे नेमकं काय झालं?

४०,८५० चा तोटा ऐकून एखादा भागीदार म्हणतो, "एवढ्या स्वस्तात का दिली?" पण लेथ बाजारभावाने गेली असेल, तर सौद्यात काहीच चुकलेलं नाही. ३,००,००० ची लेथ अडीच वर्षं वापरून १,९०,००० ला गेली, म्हणजे या काळात ती १,१०,००० ने झिजली. आपण घसारा म्हणून खर्ची टाकले होते ३०,०००, २७,००० आणि १२,१५०, एकूण ६९,१५०. उरलेले ४०,८५० आपण वेळच्या वेळी दाखवले नव्हते. ते आज एकदम दाखवावे लागले, एवढाच त्या तोट्याचा अर्थ. घसारा हा अंदाज असतो आणि विक्रीच्या दिवशी तो अंदाज खऱ्या आकड्याशी जुळवून घ्यावा लागतो.

लेथ २,५०,००० ला गेली असती, तर उलट १९,१५० नफा झाला असता. तोही मालविक्रीत मिसळायचा नाही. कारखान्याचा धंदा जॉबवर्कचा आहे, लेथ विकण्याचा नाही, म्हणून तो वेगळ्या ओळीवर दाखवायचा.

इथे एक गोष्ट लक्षात घेतली की मनावरचं ओझं बरंच कमी होतं. समजा विक्रीपर्यंतचा सहा महिन्यांचा घसारा टाकायचा राहिला. मग पुस्तकी किंमत २,४३,००० राहते आणि तोटा येतो ५३,०००. बरोबर पद्धतीत घसारा १२,१५० आणि तोटा ४०,८५०, मिळून तेही ५३,०००. चुकून पूर्ण वर्षाचा घसारा २४,३०० टाकला, तर तोटा २८,७०० येतो, बेरीज पुन्हा ५३,०००. म्हणजे वर्षाचा निव्वळ नफा तिन्ही प्रकारांत एकच. बदलतं ते एवढंच की त्यातलं किती चालवण्याचा खर्च म्हणून दिसलं आणि किती विक्रीतला तोटा म्हणून. जॉबचा ताशी दर ठरवताना घसारा धरत असाल तर हा फरक महत्त्वाचा आहे. पण लेथ खात्यातून पूर्ण गेली असेल, तर ताळेबंद बिघडत नाही.

ताळेबंद बिघडतो तो वेगळ्या चुकीने.

गेलेल्या लेथचं भूत

सवयीने चालणारा हिशेबनीस काय करतो? बँकेत १,९०,००० आले, तेवढेच यंत्र खात्याला जमा करतो. ९,९०,००० मधून १,९०,००० गेले, उरले ८,००,०००. त्यावर १० टक्के ८०,०००, सीएनसीवर १५,०००, एकूण घसारा ९५,०००. अखेरची शिल्लक १३,०५,०००. तेरीज जुळते, ताळेबंद जुळतो, कुठेही लाल खूण उमटत नाही.

पण कारखान्यात उभ्या असलेल्या तीन यंत्रांची किंमत १२,५७,३०० आहे. वरचे ४७,७०० कुणाचे? कुणाचेच नाहीत. लेथ-२ ची सुरुवातीची शिल्लक २,४३,००० आणि विक्री किंमत १,९०,००० यांतला ५३,००० चा फरक खात्यातच राहिला आणि त्यावर वर्षअखेरीला १० टक्के घसाराही बसला, म्हणून ४७,७००. नफाही नेमका तेवढ्यानेच फुगला. बरोबर हिशेबात घसारा आणि तोटा मिळून १,४२,७०० खर्च पडायला हवा होता, पडला ९५,०००.

आणि हे प्रकरण त्या वर्षापुरतं राहत नाही. पुढच्या वर्षी नसलेल्या लेथवर ४,७७० रुपये घसारा, त्यापुढच्या वर्षी ४,२९३. घटत्या शिल्लकेच्या पद्धतीत शिल्लक कधीच शून्य होत नाही, म्हणून हे भूत वर्षानुवर्षं खात्यात राहतं. भागीदार निवृत्त होताना त्याचा हिस्सा याच ताळेबंदावरून काढला, तर जाणाऱ्याला नसलेल्या यंत्राचे पैसे द्यावे लागतात.

चूक ओळखायची खूण मात्र हातात आहे. नोंदवहीतल्या शिल्लकांची बेरीज आणि यंत्र खात्याची शिल्लक यांतला फरक काढायचा. फरक ४०,८५० आला, तर तोट्याची नोंद राहिली. १२,१५० आला, तर विक्रीपर्यंतच्या घसाऱ्याची नोंद खतावणीत गेलेली नाही. ५३,००० आला, तर दोन्ही राहिल्या. आणि ४७,७०० सारखा अनोळखी आकडा आला, तर त्याला ०.९ ने भागून बघा. ५३,००० निघाले की कळतं, उरलेल्या फरकावर घसाराही बसून गेला आहे. नोंदवहीच नसेल, तर यातला एकही आकडा मिळत नाही, कारण तुलना करायला दुसरं काही नसतं.

दुसरी एक चूक उलट्या टोकाची. विक्रीच्या नोंदीत पुस्तकी किमतीऐवजी मूळ किंमत ३,००,००० च यंत्र खात्यातून काढली जाते आणि तोटा १,१०,००० दाखवला जातो. असं केलं की आधी खर्ची टाकलेला घसारा पुन्हा एकदा तोट्यात जातो. यंत्र खातं घसारा वजा करून चालवलं असेल, तर त्यात लेथचे ३,००,००० उरलेलेच नसतात. ते काढायला गेलं की उरलेल्या यंत्रांच्या वाट्याचे पैसे निघतात.

मूळ किंमत वेगळी ठेवली तर

हिशेबाची दुसरी मांडणीही रूढ आहे. यंत्र खातं मूळ किमतीवरच ठेवायचं आणि साठत जाणारा घसारा वेगळ्या संचित घसारा खात्यात जमा करत राहायचं. कंपन्यांना ताळेबंदाच्या टिपांत मूळ किंमत, संचित घसारा आणि निव्वळ किंमत अशी तिन्ही दाखवावी लागतात, त्यामुळे तिथे हीच मांडणी सोयीची.

यात विक्रीच्या दिवशी लेथ-२ दोन खात्यांतून काढावी लागते. यंत्र खात्यातून ३,००,०००, आणि संचित घसारा खात्यातून तिच्या वाट्याचे ६९,१५०. फरक तोच, २,३०,८५०. वर्षअखेरीला यंत्र खात्यात १५,००,००० आणि संचित घसारा २,४२,७०० राहील. वजा करून पुन्हा १२,५७,३००. इथे नेहमी विसरलं जातं ते दुसरं पाऊल. मूळ किंमत काढली जाते, पण गेलेल्या यंत्राचा संचित घसारा तसाच राहतो. मग उरलेली यंत्रं आहेत त्यापेक्षा ६९,१५० ने जास्त झिजलेली दिसतात. तो आकडाही फक्त लेथ-२ च्या पानावर मिळतो.

आणि सरळ रेषा पद्धत वापरत असाल, म्हणजे दर वर्षी मूळ किमतीवर सारखाच घसारा, तर पावलं हीच. फक्त लेथ-२ चा घसारा अडीच वर्षांचा ७५,००० होईल, पुस्तकी किंमत २,२५,००० आणि तोटा ३५,०००. या पद्धतीत यंत्रनिहाय पानाची गरज आणखी एका कारणाने वाढते. वेगवेगळ्या तारखांची यंत्रं वेगवेगळ्या वर्षी मोड किमतीला पोचतात आणि त्या दिवशी त्यांचा घसारा थांबवायचा असतो. एकूण मूळ किमतीवर टक्के लावत राहिलं, तर संपलेल्या यंत्रांवरही घसारा पडत राहतो.

मग ही सवय आली कुठून?

विक्रीची रक्कम सरळ वजा करायची सवय हिशेबनिसाने हवेतून आणलेली नसते. ती आयकराच्या तक्त्यातून येते, आणि तिथे ती बरोबर असते. हा घोळ इतका सार्वत्रिक आहे की त्यावर थोडं थांबायला हवं.

आयकरात घसारा एकेका यंत्रावर मोजत नाहीत. एकाच दराच्या मालमत्तांचा एक गट धरतात, त्याला ब्लॉक म्हणतात. सर्वसाधारण यंत्रसामग्रीचा दर १५ टक्के. वर्षात यंत्र विकलं, तर त्याची विक्री किंमत ब्लॉकमधून वजा होते. त्याची पुस्तकी किंमत किती होती हे कुणी विचारत नाही, आणि एकेका यंत्रावरचा नफा-तोटाही निघत नाही. यंत्र वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं असेल, तर त्या वर्षी निम्मा दर.

याच वर्कशॉपचा आयकराचा तक्ता करून बघू. नव्या यंत्रांना मिळू शकणारा जादा घसारा सोप्यासाठी बाजूला ठेवतो. २०२१-२२ मध्ये मिलिंग १ ऑक्टोबरपासून वापरात होतं. ३१ मार्चपर्यंत त्याचे १८२ दिवस भरतात, म्हणून त्याला पूर्ण दर. पुस्तकात निम्म्या वर्षाचा घसारा आणि आयकरात पूर्ण, दोन्ही आपापल्या जागी बरोबर. १२,००,००० वर १,८०,०००, शिल्लक १०,२०,०००. पुढच्या वर्षी १,५३,०००, शिल्लक ८,६७,०००.

२०२३-२४ मध्ये ८,६७,००० मध्ये सीएनसीचे ६,००,००० मिळवले आणि लेथ-२ चे १,९०,००० वजा केले, की १२,७७,०००. यातल्या सीएनसीच्या ६,००,००० वर निम्म्या दराने ४५,००० आणि उरलेल्या ६,७७,००० वर १,०१,५५०. एकूण १,४६,५५०. अखेरची शिल्लक ११,३०,४५०.

या ११,३०,४५० मध्येही लेथ-२ चा न वसूल झालेला भाग शिल्लकच आहे, आणि कायद्याला तसंच अपेक्षित आहे. तो पुढच्या वर्षांत घसाऱ्याच्या रूपाने मिळत राहील. म्हणूनच विवरणपत्र भरताना पुस्तकांतला ४०,८५० चा तोटा नफ्यात परत मिळवावा लागतो. पुस्तकातला घसाराही मिळवून आयकराचा घसारा वजा करतात. तोटा परत मिळवायचा विसरलं, तर तेच पैसे दोनदा वजा होतील: एकदा तोटा म्हणून, आणि पुढे ब्लॉकच्या घसाऱ्यातून.

पुस्तकं आणि आयकर यांचे दोन तक्ते वेगळे ठेवायचे ते यासाठी. छोट्या कारखान्यांत अनेकदा आयकराचाच तक्ता उचलून पुस्तकांत चिकटवतात. मालकाला आपल्या यंत्रांची खरी किंमत कळावी असं वाटत असेल, तर मी तसं न करण्याचाच आग्रह धरेन.

नोंदवहीचं पान कसं असावं

प्रत्येक यंत्राला एक पान, किंवा एक्सेलमध्ये एक ओळ. त्यावर यंत्राचा क्रमांक, मेक आणि सिरियल नंबर, ते कुठल्या शेडमध्ये उभं आहे, बिलाची तारीख, वापराची तारीख, किमतीची फोड, ठरवलेलं आयुष्य आणि दर, दर वर्षाचा घसारा आणि शिल्लक. शेवटी विक्रीसाठी जागा: तारीख, खरेदीदार, बिल क्रमांक, रक्कम. यंत्रावर तोच क्रमांक रंगवा किंवा पत्र्याची पट्टी मारा. कंपनी असेल, तर काही छोट्या कंपन्यांचा अपवाद सोडून, यंत्रांची संख्या आणि जागा दाखवणारी अशी नोंद आहे की नाही, यावर लेखापरीक्षकाला आपल्या अहवालात लिहावं लागतं.

टॅलीत हिशेब असेल, तर 'मशिनरी' असं एकच खातं न उघडता स्थिर मालमत्तेच्या गटात लेथ-१, लेथ-२, मिलिंग-१ अशी स्वतंत्र खाती उघडा. मग लेथ विकल्यावर तिच्या खात्याची शिल्लक शून्य झाली का, एवढंच बघायचं. विक्रीची रक्कम तिथे जमा करून काही उरलं, तर ते उरलेलं डोळ्यांसमोर राहतं आणि हलवावं लागतं. एकत्र खात्यात तेच ५३,००० नऊ लाखांच्या शिल्लकेत दिसतही नाहीत.

मध्ये कधी एखाद्या यंत्रावर मोठा खर्च झाला आणि त्याने यंत्राची क्षमता किंवा आयुष्य वाढलं, तर तो त्याच यंत्राच्या पानावर, त्या तारखेने चढवा आणि तिथून पुढे त्याचा घसारा मोजा. बेल्ट बदलणं, बेअरिंग टाकणं हा दुरुस्तीचा खर्च, तो पानावर येत नाही. विक्रीपूर्वी खरेदीदाराने दिलेला बयाणाही यंत्राच्या पानावर लिहायचा नाही. यंत्राचा ताबा जाईपर्यंत तो देणं म्हणून वेगळा ठेवायचा आणि घसारा चालू ठेवायचा.

तारखा महिन्याच्या मधल्या असल्या, तर दिवसांवर मोजायचं की महिन्यांवर? काही जण पंधरा तारखेआधी आलेल्या यंत्राला पूर्ण महिना धरतात. भागीदारीच्या पुस्तकांत असा नियम एकदा ठरवून तो खरेदीला आणि विक्रीला, दर वर्षी सारखाच लावला तर चालतं. कंपनी कायदा, २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीतही वर्षात आलेल्या आणि विकलेल्या मालमत्तेवर तारखेच्या प्रमाणातच घसारा मोजायला सांगितलं आहे. एका वर्षी दिवस आणि दुसऱ्या वर्षी महिने असं केलं, तर मागच्या पानांवरचे आकडे तपासताना कुणालाच जुळत नाहीत.

जुन्या कारखान्यात नोंदवही कधीच नव्हती आणि आता यंत्र विकायचं आहे, अशी वेळ आली तर मागे जाऊनच पानं तयार करावी लागतात. खरेदीची बिलं काढा, प्रत्येक यंत्राचा घसारा पहिल्या वर्षापासून लावत आजपर्यंत या, आणि सगळ्या शिल्लकांची बेरीज यंत्र खात्याशी ताडून बघा. खातं जास्त दाखवत असेल, तर पूर्वी विकलेल्या किंवा भंगारात गेलेल्या यंत्रांची यादी करा. विक्रीची बिलं आणि बँकेचे जुने उतारे यांत त्यांच्या तारखा मिळतात, आणि फरकाचा बराचसा भाग तिथेच सापडतो.